थेंब डोळ्यात, धाप छातीत

सत्तरीच्या एका गृहस्थांची कल्पना करा. आपण त्यांना अण्णा म्हणू. लहानपणी त्यांना दमा होता, पण गेल्या कित्येक वर्षांत पंपाला हात लावायची वेळ क्वचितच आली. चष्म्याचा नंबर बदलायला गेले आणि काचबिंदू निघाला. सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत घालायला टिमोलॉलचे थेंब मिळाले. आठवडाभरात रात्री छातीत शिट्टी वाजू लागली. जुना सॅल्ब्युटामॉलचा पंप शोधून काढला, दोनाचे चार पफ घेतले, तरी छाती मोकळी होईना. हवा बदलली, घराचं रंगकाम निघालं, वय झालं, अशी सगळी कारणं घरात सांगून झाली. फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, "सध्या कुठली औषधं चालू आहेत?" अण्णा म्हणाले, "काही नाही." डोळ्यांत घालायचे थेंब त्यांच्या लेखी औषध नव्हतेच.

टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकर आहे. याच घराण्यातल्या ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्या रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी घराघरांत असतात. ॲड्रेनलिन आणि त्याची भावंडं पेशींवरच्या ज्या रिसेप्टरना चिकटून काम करवून घेतात, ती जागा ही औषधं अडवून बसतात. यातले दोन प्रकार आपल्या कामाचे. बीटा-१ मुख्यतः हृदयात असतात. ते चाळवले की ठोके जलद आणि जोरदार पडतात. बीटा-२ श्वासनलिकांच्या स्नायूंत असतात आणि त्यांच्यामुळे नळ्या सैल राहतात. डोळ्यात पाणी तयार करणाऱ्या भागातही मुख्यतः बीटा-२च असतात. अण्णांच्या गोष्टीचा सगळा घोळ या शेवटच्या वाक्यात आहे.

काचबिंदूत डोळ्यातल्या दाबामुळे दृष्टीची नस मरत जाते. पाणी कमी तयार झालं की दाब उतरतो, म्हणून तिथले बीटा-२ अडवायचे. टिमोलॉल हे काम फार चांगलं करतं. पुस्तकात त्याला 'दोन्ही रिसेप्टर अडवणारं' औषध म्हणतात. पण प्रयोगशाळेत मानवी रिसेप्टरवर मोजलं, तर त्याची पकड बीटा-१पेक्षा बीटा-२वर वीसपटीहून अधिक घट्ट असल्याचं दिसतं. म्हणजे डोळ्यासाठी जे उत्तम, तेच दम्याच्या छातीसाठी सर्वांत वाईट.

पण डोळ्यातला थेंब छातीत पोचतो कसा? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. रडताना नाक वाहतं ते तिच्यामुळेच. थेंबाचा मोठा भाग त्या वाटेने नाकाच्या आतल्या त्वचेवर जातो आणि तिथून थेट रक्तात. गिळलेल्या गोळीतलं बरंचसं टिमोलॉल यकृत पहिल्या फेरीतच मोडून टाकतं. नाकातून गेलेल्याला ती जकात लागत नाही. अर्ध्या टक्क्याच्या एका थेंबात साधारण पाव मिलिग्रॅम औषध असतं. आकडा किरकोळ वाटतो, पण दम्याच्या नळ्यांना तेवढं पुरतं. वर पंपातलं सॅल्ब्युटामॉलही त्याच बीटा-२ रिसेप्टरवर काम करतं. ती जागा आधीच अडलेली, म्हणून चार पफ घेऊनही अण्णांना आराम पडला नाही. अशा वेळी इप्राट्रोपियमसारखं वेगळ्या वाटेने नळ्या सैल करणारं औषध उपयोगी पडतं.

बेटॅक्सोलॉल नावाचे बीटा-१कडे झुकणारे थेंबही आहेत. ते छातीला कमी त्रास देतात आणि डोळ्याचा दाबही कमीच उतरवतात. त्यामुळे अण्णांसारख्याला सहसा हे घराणंच टाळून लॅटॅनोप्रॉस्ट देतात. ते पाण्याचा निचरा वाढवतं आणि बीटा रिसेप्टरच्या वाटेला जात नाही.

आता गोष्ट पुढे नेऊ. थेंब बदलले, शिट्टी थांबली. दोन वर्षांनी अण्णांना जिना चढताना धाप लागू लागली आणि पाय सुजू लागले. घरच्यांनी निदान केलं, 'दमा उलटला.' आपल्याकडे धाप म्हणजे दमा असं समीकरणच आहे. खरा दमा, विडी-सिगारेटने झालेला सीओपीडी आणि थकलेल्या हृदयाची धाप, तिन्हींना एकच शब्द. बीटा-ब्लॉकर निवडताना हा शब्द घात करू शकतो. सीओपीडीत बीटा-१कडे झुकणारी औषधं बहुतेकांना चालतात, खऱ्या दम्यात फार जपून द्यावी लागतात, आणि हार्ट फेल्युअरमध्ये ती जीव वाचवतात.

अण्णांच्या इकोत हृदयाची पंप करण्याची क्षमता ३० टक्के निघाली. निरोगी माणसात ती ५५च्या वर असते. दुबळ्या हृदयाला शरीर ॲड्रेनलिनचे चाबूक मारत राहतं आणि त्या माराने ते आणखी झिजतं. बीटा-१ अडवले की तो मार थांबतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सिबिस-२ या चाचणीत अडीच हजारांहून अधिक रुग्ण होते. बिसोप्रोलॉल घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

इथे मात्र निव्वळ झुकाव पाहून औषध ठरत नाही. कार्व्हेडिलॉल दोन्ही बीटा रिसेप्टर अडवतं, शिवाय अल्फा रिसेप्टर अडवून रक्तवाहिन्याही सैल करतं, आणि हार्ट फेल्युअरमध्ये तेही सिद्ध झालेलं आहे. उलट बुसिंडोलॉल याच घराण्यातलं असूनही चाचणीत तसा फायदा दाखवू शकलं नाही. म्हणून डॉक्टर बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, सावकाश सुटणारं मेटोप्रोलॉल अशी मोजकीच नावं वापरतात. अण्णांना दम्याचा इतिहास असल्याने त्यांतलं कार्व्हेडिलॉल बाद. बिसोप्रोलॉलची पकड बीटा-१वर सुमारे चौदापट अधिक आहे, ॲटेनोलॉलची पाचपट, मेटोप्रोलॉलची जेमतेम दुप्पट. तेव्हा बिसोप्रोलॉल, तेही छातीच्या डॉक्टरांशी बोलून आणि फुंकर-चाचणी करून. सूज उतरल्यावर रोज १.२५ मिलिग्रॅमने सुरुवात, मग किमान दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने, सोसेल तसं १० पर्यंत. घाई केली तर थकलेलं हृदय आणखी बसतं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं किंवा नाडी पन्नासच्या खाली गेली, तर डॉक्टरांना कळवायचं. डोस चढतो तसा झुकावही विरत जातो. चौदापट म्हणजे बीटा-२ला हातच लागत नाही असं नव्हे.

राहिला रक्तदाब. एके काळी तिथे ॲटेनोलॉल पहिलं नाव होतं. पुढे मोठ्या चाचण्यांत पक्षाघात टाळण्यात ते इतर औषधांच्या मागे पडलं, आणि २००६ साली ब्रिटनच्या नाइस या संस्थेने साध्या रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकरला पहिल्या पसंतीतून खाली आणलं. माझ्या मते ते योग्यच झालं. हार्ट अटॅक येऊन गेला असेल, अंजायना असेल, ठोके अनियमित असतील, तर बीटा-१कडे झुकणारी गोळी आजही हवीच. गरोदरपणातल्या रक्तदाबासाठी अल्फाही अडवणारं लॅबेटॅलॉल वापरतात. पण ही गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर हे वाचून स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवली की उघडे पडलेले रिसेप्टर ॲड्रेनलिनला जास्तच दाद देतात आणि छातीत दुखू लागतं, कधी अटॅकही येतो.

काचबिंदूच्या अनेक बाटल्यांत टिमोलॉल दुसऱ्या औषधाच्या जोडीने असतं, डॉर्झोलॅमाइड आणि टिमोलॉल, ब्रिमोनिडिन आणि टिमोलॉल असं. समोर ठळक दिसतं ते कंपनीचं नाव. घटकांची नावं बारीक अक्षरात असतात. पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर ती बाटलीही पिशवीत टाका, आणि लहानपणी दमा होता हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.