पाऊच उलटा करून पाहिला तेव्हा

आमचा पुण्यातला स्टुडिओ छोटा आहे. मसाले, लोणची, फरसाण अशा मालाच्या पाकिटांचं डिझाइन हे आमचं मुख्य काम. ज्युनिअर डिझायनरची जागा निघाली की अर्जांचा ढीग लागतो, आणि जवळजवळ प्रत्येक अर्जाला दोन गोष्टी जोडलेल्या असतात: सर्टिफिकेटांच्या प्रती आणि पोर्टफोलिओची पीडीएफ. मी आधी पीडीएफ उघडतो. सर्टिफिकेटं बहुतेक वेळा निवड झाल्यावरच पाहिली जातात.

याचं कारण साधं आहे. सहा महिन्यांच्या क्लासचं सर्टिफिकेट एवढंच सांगतं की या मुलाला फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि कोरलड्रॉ शिकवलं गेलं. तेवढं तर अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. तळहाताएवढ्या लेबलवर दहाबारा गोष्टी बसवताना मोठं काय करायचं आणि लहान काय, हे त्याला कळतं का, याचं उत्तर त्या कागदावर नसतं.

पण पोर्टफोलिओही फसवतो, आणि याबद्दल मुलांना कोणी सांगत नाही. एकाच क्लासमधून आलेल्या चार मुलांच्या पीडीएफ शेजारी ठेवल्या तर चौघांकडे तोच काल्पनिक कॉफीचा ब्रँड, तोच मग, तीच कापडी पिशवी दिसते. हे मॉकअप तयार मिळतात. त्यावर कोणताही लोगो टाकला तरी तो देखणा वाटतो, कारण सावल्या आणि प्रकाश दुसऱ्याच कोणीतरी करून ठेवलेले असतात. म्हणून मी मॉकअपवरून नजर पुढे नेतो आणि मराठी मजकूर शोधतो. इलस्ट्रेटरमध्ये देवनागरी मजकुरासाठी वेगळी सेटिंग निवडावी लागते. ती निवडली नाही तर युनिकोड फॉन्टमध्येही जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर जाऊन पडते. ‘मिरची’ची ‘मरिची’ होते. अशी ‘मरिची’ मी कितीतरी सुंदर मॉकअपवर पाहिली आहे. चूक तांत्रिक असली तरी तिच्यातून मला कळतं की करणाऱ्याने आपलंच काम एकदाही वाचलेलं नाही.

मागे कराडहून एक मुलगी मुलाखतीला आली होती. शिक्षण बी.कॉम., आणि गावातल्या क्लासमध्ये केलेला डीटीपीचा कोर्स. पीडीएफमध्ये कामं फक्त सहा. त्यातलं तिसरं काम एका बचत गटाच्या गोड्या मसाल्याचं लेबल होतं. पीडीएफ दाखवून झाल्यावर तिने पिशवीतून शंभर ग्रॅमचे दोन पाऊच काढून टेबलावर ठेवले. एकावर लेबलची पहिली छपाई होती, दुसऱ्यावर दुसरी. समोरून दोन्ही सारखेच दिसत होते. तिने ते उलटे केले.

पहिल्या पाऊचवर बारकोड मरून रंगात होता, हळदी पिवळ्या जमिनीवर. रंगसंगती छान होती, पण एका दुकानाने माल ठेवायचं कबूल केल्यावर तिथल्या यंत्राने तो वाचलाच नाही. अशी बरीच यंत्रं लाल प्रकाश टाकतात. त्या प्रकाशात तांबूस शाई जवळजवळ पांढरी भासते, आणि पट्ट्या व जमीन यांतला फरकच नाहीसा होतो. दुसऱ्या लेबलवर तिने पांढरी चौकट करून त्यात काळ्या पट्ट्या घेतल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडली होती. ती जागा नसेल तर कोड कुठे सुरू होतो हे यंत्राला समजत नाही.

दुसरी चूक घटकांच्या यादीत होती. बारीक अक्षरांचा काळा रंग तिने चारही शाया मिसळून केला होता. छपाईत चार शायांचे ठसे केसभर जरी सरकले तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात आणि ती धूसर होतात. पहिल्या लेबलवर ‘धणे’ आणि ‘दगडफूल’ वाचायला डोळे बारीक करावे लागत होते. दुसऱ्या खेपेला तिने अक्षरं फक्त काळ्या शाईत घेतली होती. या दोन्ही चुका तिने पीडीएफमध्ये तीन-तीन ओळींत लिहिल्या होत्या: काय बिघडलं, कसं कळलं, काय बदललं.

तरीही मी तिला मूळ फाइल उघडायला सांगितली. हे मी प्रत्येकालाच सांगतो. पीडीएफ दुसऱ्याची असू शकते, पण स्वतः केलेल्या फाइलमध्ये माणूस घरातल्यासारखा वावरतो; कोणता लेअर कुठे आहे हे त्याला शोधावं लागत नाही. मग तिला अर्धा तास देऊन हेच लेबल पन्नास ग्रॅमच्या पाऊचसाठी करायला सांगितलं. जागा जवळजवळ निम्मी होते. नवखी मुलं अशा वेळी सगळंच सारख्या प्रमाणात लहान करतात आणि काहीच वाचता येत नाही. तिने आधी सुकं खोबरं आणि मिरच्यांची चित्रं काढून टाकली, मग ‘घरगुती चव’ ही ओळ. वजन, किंमत, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक यांना तिने हात लावला नाही. ते कायद्याने द्यावेच लागतात, हे तिला बचत गटाच्या कामातून माहीत झालं होतं.

आता सर्टिफिकेटची बाजू, कारण ‘काम चांगलं असेल तर कागद कोण विचारतो’ असं मुलांना बेधडक सांगणारी माणसं मला बेजबाबदार वाटतात. सरकारी आणि निमसरकारी जागांसाठी जाहिरातीत जी शैक्षणिक अर्हता लिहिलेली असते, ती नसेल तर अर्ज छाननीतच बाद होतो. तिथे पोर्टफोलिओ कोणी उघडतच नाही. कला शिक्षकाच्या नोकरीचंही तसंच. मोठ्या कंपन्यांमध्ये अर्ज आधी मनुष्यबळ विभागाकडे जातो, आणि डिझाइन न कळणाऱ्या माणसाला चाळणी लावायला पदवी हाच सोपा निकष असतो. पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसीसारख्या संस्थेत मास्टर्स करायचं मनात असेल, तर त्यासाठीची सीड परीक्षा द्यायलाही पदवी किंवा मान्य पदविका लागते.

इथे मात्र ‘सर्टिफिकेट’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. जे.जे. किंवा अभिनवसारख्या महाविद्यालयातली उपयोजित कलेची काही वर्षं म्हणजे अक्षरांकन, रेखाटन, रंग आणि रचना यांवर रोज बसलेला हात. ती पदवी मी पाहतो, कारण त्या वर्षांत झालेलं काम पोर्टफोलिओत उतरलेलं असतं. आठवड्याच्या ऑनलाइन कोर्सची पाच सर्टिफिकेटं वेगळी. माझ्याकडे तरी त्यांच्यामुळे कोणाला मुलाखतीचं बोलावणं गेल्याचं मला आठवत नाही. सहाव्या सर्टिफिकेटची फी भरायला निघालेल्या मुलाला मी म्हणेन, त्यातल्या थोड्या पैशांत ओळखीच्या दुकानदारासाठी एक लेबल करून खरंच छापून घे. बिघडलं तर ते नीट करून पुन्हा छाप, आणि दोन्ही जपून ठेव.

त्या मुलीला आम्ही घेतलं. रुजू होण्याच्या दिवशी आमच्या हिशेबनीसांनी तिच्याकडून आधार, पॅन आणि सर्टिफिकेटांच्या प्रती घेतल्या आणि फाइलला लावल्या. डीटीपी कोर्समध्ये तिला कोणती श्रेणी मिळाली होती, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाऊच मात्र दोन्ही माझ्याच टेबलावर राहिले. नवीन कोणी आलं की मी ते उलटे करून समोर ठेवतो आणि विचारतो, यातला कोणता आधी छापला असेल?