चूर्णाची बरणी किती भरावी?

सितोपलादि चूर्णाची बरणी रिकामी असल्याचे आपल्याला बहुधा नेमके तेव्हाच कळते, जेव्हा खोकल्याचा रुग्ण समोर बसलेला असतो. भातकुलीसारख्या ठिकाणी तो रुग्ण आसपासच्या खेड्यातून एस.टी.ने आलेला असतो आणि त्याला "परवा या" असे सांगण्यासारखी नामुष्की नाही. यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे बरणी नेहमी काठोकाठ भरून ठेवणे. परंतु शार्ङ्गधरांनी चूर्णाची वीर्यमर्यादा दोन महिन्यांची सांगितली आहे. त्यापुढे ते हीनवीर्य होते. शिवाय सितोपलादीच्या एकतीस भागांत आठ भाग वंशलोचन असते, हे ज्याने ते स्वतः विकत घेतले आहे त्याला निराळे सांगावयास नको. तेव्हा बरणी किती भरावी, हा प्रश्न रुग्णसेवेचा आहे तसाच औषधाच्या गुणाचाही आहे. व्यापारी आणि कारखानदार यासाठी जे गणित वापरतात, ते आम्ही दवाखान्याच्या मापाने येथे मांडत आहोत.

आपल्या रुग्णांसाठी स्वतः चूर्ण कुटणारा एक वैद्य घेऊ. आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून पूर्ण संख्येत घेतले आहेत. सप्टेंबरच्या चार आठवड्यांत पन्नास ग्रॅमच्या १८, २२, १८ आणि २२ पुड्या गेल्या. सरासरी २०. पुढच्या आठवड्याचा अंदाजही २०. तो आठवडा संपला की सर्वांत जुना आकडा वगळावयाचा, नवा घ्यावयाचा आणि पुन्हा चाराने भागावयाचे. हीच चल सरासरी. पद्धत सरळ आहे, पण चार आठवड्यांपूर्वीच्या खपाला ती कालच्या खपाइतकेच वजन देते आणि पाचव्या आठवड्याला एकदम विसरून जाते.

एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग या दुसऱ्या पद्धतीत हा दोष नाही. रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकी गणितज्ञाने ती दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी काम करताना विकसित केली आणि पुढे १९५९ साली साठ्याच्या नियोजनावरील ग्रंथात मांडली. तिचे सूत्र एका ओळीचे आहे:

नवा अंदाज = जुना अंदाज + ०.३ × (प्रत्यक्ष खप − जुना अंदाज)

म्हणजे जितकी चूक झाली, तिच्या तीन दशांशाने अंदाज सरकवावयाचा. वहीत जुने आकडे सांभाळावे लागत नाहीत. शेवटचा अंदाज पुरतो. ०.३ ऐवजी मोठा अंक घेतला तर अंदाज चपळ होतो, पण एखाद्या आठवड्याच्या योगायोगामागेही धावतो. लहान घेतला तर शांत राहतो, पण खरा बदल उशिरा ओळखतो. रोज लागणाऱ्या औषधांसाठी ०.१ ते ०.३ यांमधील अंक बहुधा ठीक पडतो.

अंदाज मिळाला म्हणजे साठा ठरला असे नव्हे. आपला वैद्य दर दोन आठवड्यांनी चूर्ण करतो आणि अमरावतीहून द्रव्ये आणून ती निवडणे, वाळविणे, कुटणे व गाळणे यात आणखी दोन आठवडे जातात. म्हणून हाती असलेले आणि तयार होत असलेले चूर्ण मिळून चार आठवडे पुरले पाहिजे: ४ × २० = ८० पुड्या. यावर चुकीसाठी थोडी शिल्लक हवी. वरील आठवड्यांत अंदाज सरासरी २ पुड्यांनी चुकला आहे. ही सरासरी चूक सव्वापट करावी, म्हणजे अडीच. कालावधीच्या वर्गमुळाने, म्हणजे चाराच्या वर्गमुळाने, गुणावी, म्हणजे पाच. आणि शंभरांत पंचाण्णव वेळा बरणी रिकामी पडू नये असे वाटत असेल तर १.६५ ने गुणावी. उत्तर सुमारे ८. एकूण पातळी ८८ पुड्या. चार आठवड्यांच्या चुकांवरून ही शिल्लक ठरविणे मात्र घाईचे होईल. आठ-दहा आठवड्यांची नोंद असावी.

आता ऋतू पालटतो. वऱ्हाडात कापूस वेचणीचे दिवस येतात, पहाटे गारवा पडू लागतो आणि खप लागोपाठ २८, ३० व ३२ होतो. चल सरासरी २२.५, २४.५ आणि २८ अशी चढते. दुसरी पद्धत २२.४, २४.७ आणि २६.९ अशी. दोन्ही मागेच राहतात आणि त्या तशाच राहणार, कारण दोघींचाही आधार होऊन गेलेला खप आहे. २७ च्या अंदाजाने पातळी ११६ होते. आठवड्याला ३२ पुड्या जात असताना गरज मात्र १२८ ची आहे. बरणी पुन्हा रिकामी.

हे वेळीच ओळखता येते. प्रत्येक आठवड्याची चूक तिच्या चिन्हासह बेरजेत धरावी. आठवडे शांत असतील तर अधिक व उणे एकमेकांना खातात. बेरीज सरासरी चुकीच्या चौपटीपलीकडे गेली, की अंदाज एका बाजूला कलला असे समजावे. आपल्या उदाहरणात मर्यादा ८ ची आहे. पहिल्या चढत्या आठवड्यात चूक नेमकी ८ आली आणि दुसऱ्यात बेरीज १५.६ झाली. इशारा तेथेच मिळाला.

उपाय ऋतुचर्या मानणाऱ्यांना परका नाही. मागील दोन-तीन वर्षांच्या वहीतून नोव्हेंबरचा आठवडी खप सप्टेंबरच्या किती पट होता ते काढावे. तो दीडपट असेल तर २० चा अंदाज आधीच ३० करावा; पातळी ४ × ३० + ८ = १२८ होते. मात्र ही नोंद इंग्रजी महिन्यांनी ठेवावी. अधिक मासामुळे कार्तिक दर वर्षी त्याच थंडीत येत नाही.

उतरता काळ अधिक घातक आहे, कारण त्यात तक्रार कोणी करीत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी खप १६ वर आला आणि हिवाळ्यातील १२८ पुड्या कुटून ठेवल्या, तर त्या संपावयास ८ आठवडे लागतात. शार्ङ्गधरांची मर्यादा तेथे संपते. म्हणून पातळी ठरविल्यावर तिला आठवडी अंदाजाने भागून पाहावे. उत्तर आठाच्या बरेच खाली असावे. नसेल तर कमी कुटावे व वारंवार कुटावे.

शेवटी एक सापळा सांगितला पाहिजे, कारण त्यात चांगली वहीही फसते. बरणी तीन दिवस रिकामी राहिली तर वहीत १२ पुड्यांची नोंद होते आणि गणित समजते की मागणी घटली. अंदाज उतरतो, आपण कमी कुटतो आणि बरणी पुन्हा लवकर रिकामी होते. वही खपाची असते. आपल्याला हवी असते ती मागणी. म्हणून रिकाम्या हाताने परतलेला प्रत्येक रुग्ण त्याच ओळीत टिपून त्या आठवड्याच्या आकड्यात मिळवावा. याउलट शिबिरात एकदम गेलेल्या चाळीस पुड्या निराळ्या लिहाव्यात. ती पुढल्या आठवड्याची मागणी नव्हे.

हा खटाटोप दवाखान्यातील प्रत्येक औषधासाठी करू नये. महिन्यातून एखादवेळी लागणाऱ्या कल्पाला ही पद्धत लागू पडत नाही, कारण तेथे बहुतेक आठवड्यांचा आकडा शून्य असतो. सितोपलादि, त्रिफळा, अविपत्तिकर अशी जी पाच-सहा चूर्णे रोज हातातून जातात, त्यांची पाने वहीत घालावीत. शनिवारी दवाखाना मिटताना प्रत्येक पानावर तीनच आकडे लिहावयाचे असतात: गेलेल्या पुड्या, परतलेले रुग्ण आणि पुढील आठवड्याचा अंदाज.