फोटोखालच्या ओळीत वय लिहा

महापालिकेच्या जनजागृती शिबिराचा फोटो ओळखू येतो. मागे फलक, मधोमध पाहुणे, कडेला खुर्च्यांवर बसलेली वयस्क मंडळी. खाली ओळ असते: 'आयुष्मान वय वंदना योजनेअंतर्गत ज्येष्ठ नागरिकांसाठी आयोजित शिबिरास मान्यवरांच्या उपस्थितीत उत्स्फूर्त प्रतिसाद.' शिबिराला येऊ न शकलेल्या माणसाच्या हातात बहुतेकदा एवढीच ओळ पडते. पण कार्ड कोणाला मिळते, सोबत काय न्यायचे, पैसे कशाचे मिळतात, यातले काहीच तिच्यात नसते.

पहिली अडचण 'ज्येष्ठ नागरिक' या शब्दांपासूनच सुरू होते. प्राप्तिकराच्या हिशेबात साठीला माणूस ज्येष्ठ होतो. एसटीचे अर्धे तिकीट पासष्टीला मिळते आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत होतो. वय वंदना कार्डासाठी मात्र वय ७० वर्षे किंवा त्याहून जास्त लागते. ती ओळ वाचून ६४ वर्षांच्या आजी रांगेत उभ्या राहिल्या, तर चूक आजींची नाही. म्हणून वयाचा आकडा ओळीच्या सुरुवातीलाच हवा. हे वय आधार कार्डावरून मोजतात. आधारवर जन्मतारीख चुकली असेल, तर आधी ती दुरुस्त करावी लागते, आणि त्यात वेळ जातो.

उत्पन्नाची अट नाही, हेही तितकेच ठळक लिहायला हवे. मूळ आयुष्मान भारत योजना गरीब कुटुंबांसाठी होती. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तरीपुढच्या सर्वांना तिच्यात घेतले गेले, मग घरी पेन्शन येत असो वा दुकान चालत असो. ही गोष्ट ओळीत नसली, की निवृत्त शिक्षक 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून घरीच थांबतात. दुसऱ्या एखाद्या योजनेच्या फलकावरून रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला अशी यादी उतरवून घेतली, तरी हेच होते. या कार्डाला आधार पुरते. आधारला जोडलेला मोबाइल जवळ असला, तर ओटीपीने काम लवकर उरकते.

सगळ्यात जास्त गोंधळ '५ लाख रुपये' या शब्दांनी होतो. 'ज्येष्ठांना ५ लाख रुपये मिळणार' असे लिहिले, तर लोक बँकेत पैसे जमा होण्याची वाट पाहतात. प्रत्यक्षात योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा खर्च, वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेतून भरला जातो. बाह्यरुग्ण विभागात दाखवून लिहून घेतलेल्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. आधीपासून असलेला मधुमेह किंवा हृदयविकार मात्र पहिल्या दिवसापासून चालतो.

ही रक्कम माणशी नाही, कुटुंबाची आहे. समजा, एका घरात ७४ वर्षांचे आजोबा, ७१ वर्षांच्या आजी, मुलगा आणि सून राहतात. आजी-आजोबांची कार्डे वेगवेगळी निघतील, पण ५ लाख दोघांत मिळून असतील. आजोबांच्या हृदयशस्त्रक्रियेला ३ लाख लागले, तर त्या वर्षी आजींसाठी २ लाख उरतात. मुलगा आणि सून या कार्डावर येत नाहीत. आजी ६६ वर्षांच्या असत्या, तर त्याही आल्या नसत्या. हे कुटुंब आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल, तर वृद्धांसाठी आणखी ५ लाख वेगळे मिळतात आणि त्यात घरच्या तरुणांचा वाटा नसतो.

अपवाद थोडे आहेत, पण गाळून चालणार नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ज्यांना लागू आहे, त्यांनी ती तरी ठेवायची किंवा हे कार्ड तरी घ्यायचे. निवड विचारपूर्वक करावी, कारण शिबिरात घाईने अंगठा दिला की मागाहून निस्तरणे कठीण. खासगी विमा असलेल्यांना किंवा ईएसआयमध्ये असलेल्यांना मात्र कार्ड घेता येते.

हे सगळे फोटोखाली कसे मावेल, असा प्रश्न प्रसिद्धी विभागातून येईलच. मान्यवरांच्या नावांना जेवढी जागा जाते, तेवढ्यात ते मावते:

'वय ७० किंवा जास्त असेल, तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल सोबत आणा. योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यास घरातील सत्तरीपुढच्या सर्वांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. रोख रक्कम मिळत नाही. सीजीएचएस, ईसीएचएस सदस्यांना एकच योजना निवडावी लागेल. चौकशी: १४५५५.'

त्याखाली पुढच्या शिबिराचे ठिकाण, वार आणि वेळ. 'शिबिर संपन्न झाले' या बातमीपेक्षा न आलेल्या आजोबांना तेच जास्त उपयोगी पडते. पाहुण्यांची नावे त्याच्याही खाली, जागा उरली तर.