चौरसाचा कर्ण अपूर्णांकात का बसत नाही?

१ एकक बाजूच्या चौरसाचा कर्ण (समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघ) १.४१४, असं विद्यार्थिनीने ठामपणे सांगितलं. "वर्ग कर," सर म्हणाले. आला १.९९९३९६, हवा होता २.

"मग ९९/७०?"

९९ चा वर्ग ९८०१. ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. एकाने हुकलं!

"मोठे आकडे घेतले तर?"

"समज, जमलं. अपूर्णांक आधी अतिसंक्षिप्त कर, म्हणजे अंश-छेद दोन्ही सम नसतील. अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अंश सम. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भाग जातो. मग छेदाचा वर्ग?"

"तोही सम... म्हणजे छेदही सम! पण दोन्ही सम नाहीत, असं ठरलं होतं."

म्हणून ही लांबी अपरिमेय (पूर्णांकांच्या गुणोत्तरात न मांडता येणारी). ती अनिश्चित मात्र नाही. फूटपट्टीवरच्या एककाचे कितीही बारीक समान भाग करा, कर्णाचं टोक दोन खुणांच्या मधेच पडेल.