दिवस तितकेच, उत्तरं दोन

कोथरूडमधली दोन निवृत्त जोडपी घ्या. आर्थिक वर्षात दोघांचाही पुण्यातला मुक्काम 120 दिवसांचा. दोन्ही घरांत नवऱ्याला वर्षाला 6 लाख पेन्शन आणि 2 लाख व्याज मिळतं. तरी प्राप्तिकर खात्याच्या लेखी पहिल्या घरचे काका भारताचे निवासी आणि दुसऱ्या घरचे अनिवासी ठरू शकतात!

गंमत दिवस मोजण्याच्या नियमात आहे. 182 दिवस भारतात राहिलात की निवासी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण दुसरीही एक वाट आहे: वर्षात किमान 60 दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून किमान 365 दिवस भारतात असलात, तरी निवासीच. पहिल्या जोडप्याचं बिऱ्हाड पुण्यातच आहे. चार महिने सिडनीला लेकीकडे, चार महिने न्यू जर्सीला मुलाकडे असा यंदाचा बेत. मागची सगळी वर्षं इथेच गेली, म्हणून काका निवासी.

दुसरं जोडपं ग्रीन कार्ड घेऊन न्यू जर्सीत स्थायिक झालंय, पुण्याला फक्त भेटीला येतं. बाहेर राहणारा भारतीय नागरिक भेटीला आला, तर कायदा त्या 60 च्या जागी 182 दिवस धरतो. (भारतातलं उत्पन्न 15 लाखांवर गेलं, तर मात्र हा आकडा 120 वर येतो.) म्हणून हे काका अनिवासी.

आता 2025-26 चा हिशेब, नव्या करप्रणालीनं. 8 लाखांतून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली, उरले 7,25,000. पहिले 4 लाख करमुक्त, उरलेल्या 3,25,000 वर 5 टक्के म्हणजे 16,250. उपकर धरून 16,900. निवासी काकांना करसवलत मिळते आणि हा आकडा शून्यावर येतो. ती सवलत अनिवासींना नाही. शिवाय त्यांचं बचत खातं एनआरओ करावं लागतं आणि तिथल्या व्याजावर बँक एरवी 31.2 टक्के टीडीएस कापते, म्हणजे 2 लाखांवर 62,400. जादा कापलेली रक्कम रिटर्न भरल्यावरच परत मिळते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातंही उघडता येत नाही.

पेन्शन नोकरी करून कमावलेली. हयातीचा दाखला वेळेवर गेला की ती दोघांनाही मिळत राहते.

बरं, ग्रीन कार्ड मिळालं म्हणून मेडिकेअर लगेच हाती येत नाही. तिथे नोकरी न केलेल्या पासष्टीपुढच्या आईवडिलांना साधारणपणे सलग पाच वर्षं राहावं लागतं, आणि मग हप्ता भरून ते विकत घेता येतं. उलट अमेरिकेचा कर जगभरच्या उत्पन्नावर, पुण्याच्या व्याजासकट, पहिल्यापासून लागू होतो.

म्हणून ग्रीन कार्डाच्या अर्जावर सही करण्याआधी सनदी लेखापालाकडून दोन्ही देशांचा हिशेब मांडून घ्या, आणि ती पाच वर्षं कोणत्या आरोग्य विम्यावर काढायची तेही ठरवा.