मुंबईतली बैठक, मालवणचा सचिव

समजा, मालवणातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवाला मुंबईच्या बैठकीचं पत्र आलं: मंगळवार, 15 जुलै, सकाळी अकरा. मासेमारी बंदी 31 जुलैपर्यंत, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. तेव्हा हा माणूस मोकळाच असणार, असं मुंबईच्या साहेबाला वाटतं. इथून पुढे गैरसमजांची रांग लागते.

गैरसमज: कारण जितकं सविस्तर, तितकी परवानगी सोपी.

सचिवाचा पहिला मसुदा पावसाने भरलेला होता. गाड्या रखडतात, दरडी कोसळतात वगैरे. त्यात खोटं काही नाही. 2024च्या जुलैत खेडजवळ दिवाणखवटी बोगद्यापाशी दरड आली तेव्हा कोकण रेल्वे कितीतरी तास ठप्प होती. पण पावसावर साहेबाचं उत्तर तयार असतं: ‘एक दिवस आधी निघा.’ कारणं तीन दिली की वाचणारा त्यातलं सगळ्यात कच्चं पकडतो आणि त्यालाच उत्तर देतो.

खरं कारण वेगळंच होतं. सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर, व्हावं लागतं. लेखापरीक्षकाने नेमका तोच मंगळवार दिला होता, आणि दप्तर सचिवाच्या ताब्यात. हे एका वाक्यात मावतं, आणि त्यावर ‘आदल्या दिवशी निघा’ म्हणता येत नाही. घरची किंवा तब्येतीची अडचण असेल तर ‘घरगुती अपरिहार्य कारण’ एवढं पुरतं. आजाराचं नाव कुणी मागत नाही.

गैरसमज: ‘नाहीतर दुसऱ्याला पाठवतो’ म्हटलं की आपली विनंती पडते.

मला तर उलटंच दिसतं. बैठक बोलावणाऱ्याची खरी काळजी ही की मालवणची खुर्ची रिकामी राहील आणि विषय पुढच्या महिन्यावर जाईल. ती काळजी मिटली की ऑनलाइनला हो म्हणणं त्याला जड जात नाही. नाही म्हटलं, तरी काम अडत नाही. क्रम मात्र सांभाळावा. आधी ऑनलाइनचं विचारायचं, सहकाऱ्याचा पर्याय नकारानंतरचा. दोन्ही एकाच दमात सारखेच मांडले, तर साहेब आपल्याला सोपं ते निवडतो.

सचिवाने शेवटी पाठवलेला मजकूर असा:

‘मा. साहेब, सादर नमस्कार. दि. 15 जुलैच्या बैठकीचे पत्र मिळाले. त्याच दिवशी लेखापरीक्षक येत असल्याने दप्तर दाखवण्यासाठी मला संस्थेत थांबावे लागेल. बैठकीस ऑनलाइन हजर राहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. तशी सोय नसल्यास आमचे एक संचालक येतील, विषय क्र. 2 व 3 ची कागदपत्रे त्यांच्याकडे असतील. शुक्रवारपर्यंत कळवल्यास त्यांचे तिकीट काढता येईल.’

यातला शुक्रवार हवेतून आलेला नाही. मंगळवारी अकराला मुंबईत पोचायचं तर सोमवारी रात्री कुडाळहून गाडी धरायची. तत्काळचं आरक्षण एक दिवस आधी, म्हणजे रविवारी सकाळी खुलं होतं. शनिवारी कार्यालयाला सुट्टी. सोमवारी सकाळी आलेला नकार कुणाच्याच कामाचा नाही.

गैरसमज: सहकारी म्हणजे कोणीही चालतो.

ज्या संचालकाला विचारलं त्याचा पहिला प्रश्न होता, ‘मी जातंय, पण सही कोणी करूची?’ प्रश्न रास्त आहे. चर्चेच्या बैठकीला सचिवाचं पत्र पुरतं. पण तीच सभा जिल्हा संघाची सर्वसाधारण सभा असती आणि संस्था त्या संघाची सभासद असती, तर मतदानाला संचालक मंडळाच्या ठरावाने नेमलेला प्रतिनिधी लागला असता. सचिवाने परस्पर पाठवलेला माणूस मत देऊ शकत नाही. आपल्याच संस्थेच्या सभेत तर व्यक्ती सभासदाला स्वतःच हजर राहून मत द्यावं लागतं, बदली माणूस चालत नाही.

कंपनीच्या संचालक मंडळात चित्र उलटं. 2013च्या कायद्याने संचालकाला व्हिडिओवरून बसता येतं, पण तसं आधी कळवावं लागतं. न कळवल्यास तो प्रत्यक्ष येणार असंच धरतात. आपल्या जागी सहकारी मात्र तो पाठवू शकत नाही. तिथे पत्रातली शेवटची दोन वाक्यं लिहायचीच नाहीत.

गैरसमज: लिंक आली की काम झालं.

सभागृहात वीस माणसं आणि टेबलाच्या टोकाला एक लॅपटॉप असेल, तर दूरच्या खुर्चीवरचं काहीच ऐकू येत नाही. म्हणून होकार आला की पुढचा फोन साहेबाला नाही, तिथल्या लिपिकाला करायचा: माइक कुठे असतो, आपले विषय किती वाजता येतील, कागद आधी मिळतील का. मालवणात पावसात वीज जाते. इन्व्हर्टरवर पंखे फिरत राहतात आणि राउटर मात्र बंद पडतो, कारण तो त्या लाइनवर जोडलेलाच नसतो. हे आदल्या दिवशी मेन स्विच पाडून बघता येतं.