तळ्याचा ठेका कुणाला गेला? माहिती अधिकारात काय विचारायचं आणि कुठं पाठवायचं



ठेक्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "माहिती अधिकारात टाकूया." टाकला जातो, महिनाभराने एक ओळीचं उत्तर येतं, 'मागितलेली माहिती उपलब्ध नाही', आणि फाइल तिथंच थांबते. बऱ्याच वेळा दोष कायद्याचा नसतो. प्रश्नच असा विचारलेला असतो की त्याला दुसरं उत्तर मिळूच शकत नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ. समजा, खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या तळ्याचा मासेमारीचा ठेका आपल्या संस्थेने मागितला होता. तो दुसऱ्याला गेला. का गेला, हे आपल्याला बघायचंय.

बहुतेक जण अर्जात असं लिहितात: "आमच्या संस्थेला ठेका का दिला नाही? यात भ्रष्टाचार झाला आहे काय? चौकशी करून दोषींवर कारवाई करावी." राग बरोबर आहे, पण या तीन वाक्यांत माहितीची मागणी एकही नाही. पहिलं वाक्य कारण विचारतं, दुसरं मत विचारतं आणि तिसरी तर तक्रार झाली.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल आहे, खानापुरम गंडय्या यांच्या प्रकरणातला. नाव ऐकून आपल्या खानापूरचे वाटतील, पण प्रकरण आंध्रचं. न्यायाधीशांनी अमुक कागद का विचारात घेतले नाहीत, असा निकाल का दिला, असं त्यांनी माहिती अधिकारात विचारलं होतं. न्यायालयाने सांगितलं की माहिती म्हणजे कार्यालयाच्या दप्तरात जे आहे ते. एखाद्याने असा निर्णय का घेतला, याचा खुलासा माहिती अधिकाऱ्याने करत बसायचं नाही.

मग कारण कळणारच नाही का? कळतं, पण ते कागदातून काढावं लागतं. सरकारी कार्यालयात कुठलाही अर्ज मंजूर किंवा नामंजूर होतो तेव्हा फाइलवर टिपणी लिहिली जाते. खालच्या कारकुनाने काय लिहिलं, वरच्या साहेबाने त्यावर काय शेरा मारला, सगळं तिथं असतं. तेव्हा 'का' हा शब्द खोडायचा आणि त्या टिपणीची प्रत मागायची. नामंजुरीचं कारण तिथं लिहिलेलं असेल तर हातात येईल. काहीच लिहिलेलं नसेल, तर तेही अपिलात किंवा तक्रारीत दाखवता येतं.

आता हाच अर्ज नीट लिहून बघू. माहितीची मागणी एवढीच:

विषय: खानापूर तालुक्यातील (गावाचं नाव) येथील तळे, सर्व्हे नंबर (अमुक), मासेमारीचा ठेका.
कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५.
१. ठेक्यासाठी काढलेल्या जाहीर सूचनेची प्रत.
२. सूचनेनुसार आलेल्या अर्जदारांची आणि त्यांनी देऊ केलेल्या रकमांची नोंद असलेल्या कागदाची प्रत.
३. ठेका मंजूर केल्याचा आदेश आणि करारपत्र यांच्या प्रती.
४. आमच्या संस्थेच्या (तारीख) रोजीच्या अर्जावर फाइलमध्ये लिहिलेल्या टिपणी व शेऱ्यांच्या प्रती.
५. ठेकेदाराने ठेक्यापोटी भरलेल्या रकमांच्या चलनांच्या प्रती.

प्रत्येक ओळीत एका कागदाचं नाव आहे, बघा. तळं कुठलं, वर्षं कुठली, हे वरच सांगून टाकलंय. 'तालुक्यातल्या सगळ्या तळ्यांची आजपर्यंतची माहिती द्या' असं लिहिलं की अधिकाऱ्याला नाकारायला आयती वाट मिळते. नाहीतर हजार पानांचं बिल हातात पडतं. पाचव्या मुद्द्याची गंमत अशी की ठेका घेतला पण पैसे भरलेच नाहीत, असं असेल तर ते इथं उघडं पडतं.

मांडणी आटोपशीर ठेवायला आणखी एक कारण आहे. कर्नाटकाच्या नियमांत २००८ पासून अशी अट आहे की एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत असावा. वरचा अर्ज त्यात सहज बसतो. तळ्यातला गाळ का काढला नाही, बोटुकली किती सोडली, अनुदान कुणाला मिळालं, हे सगळं त्यातच कोंबू नका. दुसरा विषय, दुसरा अर्ज, पुन्हा १० रुपये.

काय मागू नये तेही सांगतो. ठेकेदाराचा आधार नंबर, बँक खातं, घरचा पत्ता मागितला की वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो, आणि त्याच्या आडोशाने बाकीचंही अडकतं. आपल्याला करारातली रक्कम आणि अटी हव्यात, माणसाचं घर नको. शिवाय ठेकेदाराने दिलेला एखादा कागद त्याने गोपनीय मानलेला असेल, तर अधिकारी आधी त्याचं म्हणणं मागवतो. अशा वेळी मुदत ३० ऐवजी ४० दिवस होते, म्हणून एकतिसाव्या दिवशीच भांडायला जाऊ नका.

आता पाठवायचं कुठं? इथं आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ होतो.

पहिली गोष्ट, तळं कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. काही तळ्यांचा ठेका मत्स्य खातं देतं, म्हणजे आपण मीनुगारिके म्हणतो ते, आणि लहान तळ्यांचा ग्रामपंचायत. ओळखायला सोपं आहे: लिलावाची नोटीस कुणी काढली आणि पैसे भरल्याची पावती कुणाच्या नावाची आहे, एवढं बघायचं. ज्याची पावती, त्याच्याकडे फाइल. गाळ काढणं, बांध दुरुस्त करणं ही कामं मात्र पाटबंधारेवाल्यांकडे असू शकतात. तो अर्ज वेगळा.

पत्त्यावर साहेबांचं नाव लिहू नका, ते बदलून जातात. हुद्दा लिहा: 'सार्वजनिक माहिती अधिकारी', खाली कार्यालयाचं पूर्ण नाव, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. कन्नडमध्येही हा हुद्दा जवळजवळ याच शब्दांत लिहितात, त्यामुळे दारावरची पाटी वाचणाऱ्याकडून एकदा खात्री करून घ्या. चुकीच्या कार्यालयात गेलाच, तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. फक्त तेवढे दिवस वाढतात.

दुसरी गोष्ट भाषेची. कायद्याचं कलम ६ म्हणतं की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा. इकडे राजभाषा कन्नड. म्हणजे खानापुरात मराठीत दिलेला अर्ज घेतलाच पाहिजे, असं या कलमाच्या जोरावर म्हणता येत नाही. घटनेच्या ३५०व्या कलमाचं नाव कुणीतरी काढेल. ते खरं आहे, पण ते गाऱ्हाणं मांडण्याबद्दल आहे. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रार देता येते, त्यामुळे तक्रार खुशाल मराठीत द्या. माहितीचा अर्ज मात्र या तीनपैकी एका भाषेत. हिंदी चालते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लिपी आपलीच, आणि वरच्या पाच ओळी हिंदीत करायला कॉलेजात जाणाऱ्या पोराला दहा मिनिटं लागतात. तरी माझं मत विचाराल तर कन्नडमध्ये कुणाकडून लिहून घेता आलं तर बघा, काम लवकर हलतं. लिहिताच येत नसेल, तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. प्रती मात्र फाइल ज्या भाषेत आहे त्याच भाषेत येणार.

तिसरी गोष्ट नमुन्याची. कोल्हापूरकडून मोबाइलवर फिरत आलेला 'जोडपत्र अ' बऱ्याच जणांकडे असतो. तो महाराष्ट्राच्या नियमांचा आहे. तिकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून भागतं. इकडे त्याच्या नादी लागू नका. १० रुपये रोख भरा आणि पावती घ्या, नाहीतर पोस्टल ऑर्डर लावा आणि तिचा नंबर अर्जात लिहा. प्रतींसाठी पानाला २ रुपये नंतर कळवतात. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर अर्जाची फी नाही, कार्डाची झेरॉक्स जोडा.

उलटही होतं. निपाणीकडच्या मंडळींना दूधगंगेच्या पाण्याची माहिती हवी असते. काळम्मावाडी धरणातून कुठल्या दिवशी किती पाणी सोडलं, ही नोंद महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याकडे आहे. तिथं बेळगावात अर्ज देऊन उपयोग नाही. तो थेट कोल्हापूरकडच्या कार्यालयाला, आणि तो मात्र मराठीत, कोर्ट फी स्टॅम्प लावून. कळसा-भांडुरा प्रकल्पासारख्या विषयात केंद्रीय जल आयोगाकडचे कागद हवे असतील तर ते केंद्राचं कार्यालय, त्याचा अर्ज rtionline.gov.in वर करता येतो. तिथं राज्याच्या कार्यालयांचे अर्ज टाकू नका. कर्नाटकासाठी rtionline.karnataka.gov.in आहे, पण आपलं कार्यालय त्याच्या यादीत आहे का ते आधी बघा.

अर्जदार म्हणून संस्थेचं नाव टाकावं का, असं विचारतात. हा हक्क कायद्याने नागरिकाला दिलाय, त्यामुळे अध्यक्ष किंवा सभासदाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, म्हणजे वादच नको. माहिती कशाला हवी, हे लिहायची गरज नाही.

आणि आपल्याच संस्थेची माहिती हवी असेल तर? थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की सरकारने भरघोस पैसा घातलेला नसेल, तर सहकारी संस्थेला हा कायदा थेट लागू होत नाही. पण सहकार खात्याच्या निबंधकाला जे कागद कायद्याने संस्थेकडून मागवता येतात, ते त्याच्यामार्फत मिळू शकतात. म्हणजे ऑडिट रिपोर्टचा अर्ज संस्थेच्या सचिवाला न देता सहकार खात्याच्या कार्यालयाला द्यायचा.

अर्ज दिला की आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, पोस्टाने पाठवलात तर पोचपावती जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर तो नकारच समजायचा. त्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं. मुदत उलटून गेल्यावर माहिती द्यायची झाली तर ती फुकट द्यावी लागते, तेव्हा पानांचे पैसे मागितले तर तारखेचा शिक्का दाखवा. अपिलातही नवे प्रश्न घालू नका. तेच पाच मुद्दे पुन्हा लिहा आणि प्रत्येकापुढे मिळालं, अर्धवट मिळालं की नाही मिळालं, एवढंच.